एका वाक्यात संस्था

नव्या संस्थेची नोंदणी करताना ट्रस्ट डीडमध्ये उद्देश लिहावे लागतात. ते धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी जातात आणि नंतर बदलायचे म्हटले तर बरीच खटपट पडते. म्हणून वकील ते मुद्दाम ऐसपैस ठेवतात: शिक्षण, आरोग्य, महिला विकास, पर्यावरण. तिथे ते योग्यच आहे. गडबड पुढे होते. त्याच यादीचा अर्क काढून तो संस्थेचे ध्येयवाक्य म्हणून छापला जातो.

समजा, एका तालुक्यात चार जणींनी ग्रामीण महिलांना डिजिटल कौशल्ये शिकवायला संस्था काढली. पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘डिजिटल कौशल्यांच्या माध्यमातून ग्रामीण महिलांचे सर्वांगीण सक्षमीकरण करून आत्मनिर्भर समाज घडवणे.’ यात चुकीचे काही नाही, पण ‘यानुसार आपण काय करणार नाही?’ असे विचारले की वाक्य गप्प बसते. एखाद्या कंपनीने सीएसआरमधून दहा संगणकांची लॅब देऊ केली, तरी ते यात बसते. बँकेने खाती उघडून देण्याचे काम सोपवले, तेही बसते. पैसा येईल तिकडे संस्था वळते आणि दोन वर्षांनी शिकवायचेच राहून जाते.

म्हणून आधी ‘कोण’ ते ठरवावे. रील्स बनवणारी कॉलेजातली मुलगी आणि फोन फक्त उचलता येणारी पन्नाशीची बाई, दोघीही ग्रामीण महिलाच. पण त्यांचा वर्ग एक होऊ शकत नाही. नव्या संस्थेने बचत गटापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. गटातल्या बायका ठरल्या दिवशी जमतात, त्यांचा बँकेशी संबंध असतो आणि शिकलेले वापरायला लगेच काम असते.

मग ‘काय’. कौशल्य हा शब्द इथे फार मोघम आहे. बँक मित्राकडे पैसे काढायला गेलेली बाई मशीनवर अंगठा ठेवते, तो सांगेल तो आकडा खरा मानते आणि पावती न घेता घरी येते. योजनेची ई-केवायसी करायची तर ओटीपी पुतण्याच्या फोनवर जातो, कारण आधारला त्याचा नंबर जोडलेला असतो. शिलकीचा मेसेज स्वतः वाचणे, आधारला आपला नंबर जोडून घेणे, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोणी पिन मागितला तर तिथेच थांबायचे हे कळणे: शिकवायचे ते हे आहे.

ही कामे बाईने ‘स्वतःच्या फोनवर’ करावीत असे वाक्यात लिहायचे का, यावर सगळ्यात जास्त खल व्हायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या ग्रामीण भागात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिला सुमारे 47 टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ग्रामीण महिला सुमारे 25 टक्के, तर पुरुष 49 टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, पण ‘स्वतःच्या फोनवर’ असे लिहिले तर जिला सर्वाधिक गरज आहे तीच बाहेर राहू शकते. ‘घरातल्या फोनवर’ लिहिले तर पिन नवऱ्याला ठाऊक, मेसेज मुलगा वाचतो आणि शिकूनही व्यवहार दुसऱ्याच्या हाती राहतो. माझा कौल ‘स्वतःच्या हाताने’ या शब्दांना आहे. फोन कोणाचा का असेना, बटण तिने दाबावे आणि पिन तिलाच ठाऊक असावा. घरच्यांशी बोलणे हाही मग कामाचाच भाग होतो.

आता वाक्य असे होते: ‘आपल्या तालुक्यातल्या बचत गटांतील महिलांना बँकेची आणि सरकारी योजनांची मोबाइलवरची कामे स्वतःच्या हाताने, सुरक्षितपणे करता यावीत इतके गावातच शिकवणे.’ ‘गावातच’ या शब्दापायी तालुक्याच्या ठिकाणची लॅब नाकारावी लागते. ‘शिकवणे’ आहे म्हणून अर्ज भरून देण्याचे काम घेता येत नाही, त्यात पैसे मिळत असले तरी. ऑनलाइन विक्रीसुद्धा सध्या बाहेर राहिली. ती मला सोडवत नव्हती, पण मालाचे फोटो, पॅकिंग आणि कुरिअर हे वेगळेच काम आहे आणि चौघींना दोन्ही झेपणार नाही. किती गावे, किती महिला हे आकडे वार्षिक आराखड्यात जावेत, ॲपची नावे अभ्यासक्रमात. दोन्ही दरवर्षी बदलतात.

मसुदा देणगीदाराला दाखवण्याआधी गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा आणि ‘आम्ही काय करणार म्हणतोय?’ असे विचारावे. ‘मोबाइल शिकवणार’ एवढेच उत्तर आले तर वाक्य अजून पोचलेले नाही. ‘बँकेचं आमचं आम्हाला करता येईल’ असे आले तर पोचले. वर्ग संपल्यावरची मोजणीही त्याच वाक्यातून निघते. किती प्रमाणपत्रे वाटली ते मोजण्याऐवजी महिन्याभराने गावात जाऊन प्रत्येकीला शेवटचा व्यवहार फोनवर दाखवायला सांगावे आणि तो करताना शेजारी कोण होते, ते विचारून नोंदवावे.