३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत पात्र

प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात एखाद्या वेल्डरचं कार्ड ईआरपीच्या एचआर मॉड्यूलमध्ये उघडून पाहावं. आर्गन वेल्डिंगच्या पात्रतेसमोर शेवटची तारीख अनेकदा 31.12.9999 अशी दिसते. ही कोणाची गंमत नाही. सॅपमध्ये ‘मुदत नाही’ असं सांगायचं असेल, तर सिस्टीम हीच तारीख धरते. पात्रतेच्या यादीत मुदत आधीच भरून ठेवली नसेल आणि नोंद करणाऱ्या क्लार्कनेही ती बदलली नाही, तर तो वेल्डर जवळपास आठ हजार वर्षं पात्र राहतो.

प्रथमोपचार किंवा डोळ्यांच्या तपासणीचा दाखला असेल तर हे दुरुस्त करणं सोपं असतं. दाखल्यावर तारीख छापलेली असते, ती भरायची आणि इशारा लावायचा. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये तर नोटिफिकेशनसाठी Days Before हा पर्याय निवडून तारखेचा रकाना दाखवला की काम झालं. वेल्डरचं प्रकरण मात्र वेगळं आहे, कारण त्याच्या दाखल्यावर शेवटची तारीख छापलेलीच नसते.

अमेरिकेच्या ‘एएसएमई’ संहितेचा नववा विभाग सांगतो की वेल्डरने एखादी प्रक्रिया सलग सहा महिने वापरली नाही, तर त्या प्रक्रियेची त्याची पात्रता संपते. वापरत राहिला तर चालूच राहते. म्हणजे मुदत कॅलेंडरवर नव्हे, कामावर अवलंबून आहे. शिवाय प्रत्येक प्रक्रियेचा हिशेब वेगळा. रोज रॉडने वेल्डिंग केलं म्हणून आर्गनची पात्रता जिवंत राहत नाही.

समजा, एका वेल्डरने आर्गनचा शेवटचा जोड १४ मार्चला मारला. पुढे मोठ्या टाक्यांची ऑर्डर आली आणि तो सगळा काळ रॉडवरच राहिला. १४ सप्टेंबरला त्याची आर्गनची पात्रता संपली, पण कार्डावर काहीच हललं नाही. ६ ऑक्टोबरला घाईच्या नोझलचा रूट रन त्याच्याकडे गेला. हात कसलेला, जोड उत्तम, क्ष-किरण चित्रही स्वच्छ. पण इन्स्पेक्टरने विचारलं, ‘सहा महिन्यांतला आर्गनचा पुरावा दाखवा.’ तो नसेल तर तो जोड अपात्र माणसाचा ठरतो आणि घासून काढून पुन्हा मारायची पाळी येऊ शकते. वैताग असा, की नूतनीकरण अगदी स्वस्त आहे. त्या प्रक्रियेने प्लेट किंवा पाइपचा एकच चाचणी तुकडा, कुठल्याही जाडीचा आणि कुठल्याही स्थितीत. तो पास झाला की त्या प्रक्रियेची आधीची सगळी पात्रता परत मिळते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साधा एक जोड आर्गनने करवून घेतला असता, तर चाचणीचीही गरज पडली नसती.

ही माहिती कारखान्यात नव्हती असं नाही. कुठला जोड, कोणत्या शिक्क्याच्या वेल्डरने, कोणत्या प्रक्रियेने, कधी मारला, हे क्यूसीच्या वेल्ड लॉगमध्ये असतंच. फक्त तो बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये असतो आणि एचआरला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे करायचं ते एवढंच: पात्रतेची नोंद माणसागणिक नव्हे तर प्रक्रियेगणिक ठेवायची, वेल्डरचा शिक्का क्रमांक कर्मचारी क्रमांकाशी जोडायचा आणि जोडाची नोंद झाली की शेवटची तारीख आपोआप सहा महिने पुढे सरकवायची. इशाऱ्याचा मेल एचआरला पाठवून उपयोग नाही. तो शॉपवरच्या सुपरवायझरला जायला हवा, कारण काम वाटणारा तोच. माझ्या मते मेलपेक्षाही जॉब कार्डावरची अडवणूक बरी: पात्रता संपलेल्या वेल्डरचा क्रमांक टाकला की सिस्टीमने कार्ड पुढे जाऊच देऊ नये.

अर्थात, नोंद खोटी असेल तर सिस्टीमही खोटंच सांगणार. ऑडिटच्या आदल्या दिवशी मागच्या तारखांनी भरलेला लॉग ओळखायचा एक सोपा उपाय आहे: तो हजेरीशी ताडून पाहायचा. रजेच्या दिवशी आर्गनचे जोड मारणारे वेल्डर सापडले, तर पुढचं बोलायला नको.

आणि सगळ्यात मोठं भोक तर कार्डाच्याही अलीकडे आहे. पुष्कळ कारखान्यांत वेल्डर ठेकेदाराचे असतात. पगार कंपनी देत नाही, म्हणून एचआर मॉड्यूलमध्ये त्यांचं कार्डच नसतं. त्यांना पगाराविना, केवळ पात्रतेपुरता क्रमांक देता येतो. बहुतेक ईआरपींत ती सोय असते, पण ती सुरू करायची कोणी, यावर एचआर आणि क्यूसी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.