स्टड रुततो कुठे, सुटतो कुठे

माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने गेल्या वर्षी खाऊचे पैसे साठवून फुटबॉलचे बूट घेतले. आमच्याकडची पोरं बूट म्हणत नाहीत, ‘स्टड’ म्हणतात. दुकानदाराने विचारलं ते फक्त मापाचं. कुठे खेळतोस, हे विचारलं नाही. भाचा खेळतो तीन ठिकाणी: रविवारी सकाळी टणक मैदानावर, बुधवारी रात्री भाड्याच्या टर्फवर आणि जुलैत शाळेच्या चिखलात. महिनाभरात त्याचे तळवे दुखू लागले आणि एका रात्री टर्फवर वळताना गुडघा असा पिरगळला, की तीन आठवडे घरी बसावं लागलं.

बुटाच्या तळाशी किंवा खोक्यावर दोन अक्षरं छापलेली होती, ‘एफजी’. म्हणजे फर्म ग्राउंड. आपल्याकडचा सगळा घोटाळा या शब्दात आहे. फर्मचा अर्थ आपण ‘कडक’ असा घेतो आणि उन्हाने तडकलेल्या मैदानासाठी हेच बूट योग्य असं समजतो. प्रत्यक्षात हे बूट ज्या जमिनीसाठी केलेले असतात, तिच्यावर दाट, नैसर्गिक गवत असतं. खालची माती घट्ट, पण किंचित ओलसर असते. तिच्यात सेंटिमीटरभर उंचीचा स्टड पूर्ण रुततो आणि बुटाचा तळ गवताला टेकतो. खेळाडूचा भार मग स्टडवर नव्हे, सगळ्या तळव्यावर येतो.

एप्रिलमधल्या मैदानात तोच स्टड रुततच नाही, त्यामुळे खेळाडू अक्षरशः खुंट्यांवर उभा असतो. साधा हिशेब करू. साठ किलोचा मुलगा धावताना टाच उचलून एका चवड्यावर आला आणि त्या क्षणी सहा स्टड जमिनीला टेकले, असं धरू. एका स्टडचं टोक सेंटिमीटरभर व्यासाचं असेल तर सहांचं मिळून क्षेत्रफळ पावणेपाच चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे नुसतं वजनच धरलं तरी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 13 किलो भार. धावताना पाय आपटतो तेव्हा तो दुपटीच्याही पुढे जातो. आतल्या पातळ पट्टीतून हे बिंदू तळव्याला टोचत राहतात. खेळून आल्यावर मोजा काढून पाहा. तळव्यावर स्टडच्याच जागी गोल लाल ठिपके दिसले, तर स्टड जमिनीत जात नाहीयेत हे नक्की. खेळण्याआधीही कळू शकतं. घराची किल्ली मैदानात दाबून बघा. जोर लावूनही ती नखभर जात नसेल, तर उंच स्टडचा तिथे काही उपयोग नाही.

अशा मैदानाला लागतात आखूड आणि पुष्कळ खुंट्या. दुकानात अशा बुटांना टीएफ, म्हणजे टर्फ शूज म्हणतात. तळाला साठ-सत्तर छोटे रबरी उंचवटे असतात. भार तितक्या ठिकाणी वाटला जातो, म्हणून टोचत नाही. नाव टर्फचं असलं, तरी आपल्याकडच्या सुक्या, कडक मातीवरही हेच बरे.

आता भाच्याचा गुडघा. स्टडने पकडायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याने सोडायचंही असतं. नैसर्गिक मैदानात खेळाडू गर्रकन वळला, तर शेवटी गवताचं मूळ तुटतं, मातीचा ढेपळा उखडतो आणि पाय मोकळा होतो. कृत्रिम गवताचे धागे तुटत नाहीत. त्यांच्यामध्ये वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात, त्यात उंच स्टड खोल बसतो. शरीर वळतं, पाऊल मात्र जागीच राहतं. मधल्या मध्ये पीळ बसतो तो गुडघ्याला किंवा घोट्याला.

फिफाची कृत्रिम मैदानांची चाचणी याच कारणासाठी पाहण्यासारखी आहे. सहा स्टड लावलेली एक चकती 46 किलो वजनाखाली मैदानावर ठेवतात आणि ती फिरवायला किती जोर लागतो ते मोजतात. 2015 च्या नियमावलीत वरच्या दर्जाच्या मैदानासाठी हा आकडा 30 ते 45 न्यूटन-मीटर इतका हवा होता. खालची मर्यादा असणारच, नाहीतर घसरगुंडी होईल. वरचीही आहे, हे आपण विसरतो.

स्टडचा आकारही इथे महत्त्वाचा ठरतो. शंकूसारखा गोल स्टड फिरताना वाटेतल्या मातीला किंवा धाग्यांना कमी आडवा येतो. पात्यासारखा चपटा स्टड, ज्याला ब्लेड म्हणतात, सरळ धावायला झकास. पण वळताना त्याची रुंद बाजू फावड्यासारखी अडते. अमेरिकन फुटबॉलमध्ये तीन हजारांहून अधिक शाळकरी खेळाडूंवर तीन हंगाम नजर ठेवून केलेला एक अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तळाच्या कडेला लांब स्टड असलेल्या बुटांत गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तो खेळ वेगळा, बूटही वेगळे. तरीही माझ्या घरात आता ब्लेड येणार नाहीत. भाच्याचे होते ते ब्लेडच.

कृत्रिम गवतासाठी एजी बूट असतात. त्यांचे स्टड एफजीपेक्षा आखूड, संख्येने जास्त, बहुतेक गोल आणि पुष्कळदा मधून पोकळ असतात. मुंबईतल्या कुपरेजसारख्या पूर्ण मापाच्या कृत्रिम मैदानावर ते शोभतात. गल्लीतलं, जाळी लावलेलं, तासावर मिळणारं टर्फ ही पुष्कळदा वेगळी चीज असते. तिथलं गवत आखूड, रबराचे दाणे बरेचसे उडून गेलेले आणि खाली काँक्रीट. तिथे एजीचे स्टडही नीट रुतायला जागा मिळत नाही. पुन्हा टीएफच.

उरला चिखल. त्याच्यासाठी एसजी, म्हणजे सॉफ्ट ग्राउंड. बहुधा सहाच स्टड, चार पुढे आणि दोन टाचेला. ते धातूचे असतात आणि आट्यांनी बसवलेले. संख्या कमी ठेवण्यामागे कारण आहे: दोन स्टडमध्ये अंतर असलं, तर चिखल अडकून गोळा होत नाही. दाट स्टडचा बूट दहा मिनिटांत गुळगुळीत ढेकूळ होऊन बसतो. 4 जुलै 1954 रोजी बर्नमध्ये विश्वचषकाची अंतिम लढत पावसात झाली, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या बुटांना आडी डासलर यांचे बदलता येणारे स्टड होते. मैदान भिजलं तसे लांब स्टड लावता आले. साखळीत 8-3 ने हरवणाऱ्या हंगेरीने आठ मिनिटांत दोन गोल केले, तरी सामना जर्मनीने 3-2 असा जिंकला. श्रेय सगळं स्टडला देणं भाबडेपणाचं आहे. ही कल्पना मुळात कोणाची, यावरून डासलर भावांच्या दोन कंपन्यांत वादही रंगला.

या स्टडची कटकट मात्र आहे. आटे गंजतात, म्हणून बसवताना बोटभर व्हॅसलीन लावावं. सामन्याआधी पान्याने एकदा आवळून घ्यावं. झिजून धार आलेला स्टड समोरच्याच्या पोटरीला पातं होतो. पंच सामन्याआधी तळ तपासतात ते याचसाठी. आणि कृत्रिम गवतावर हे बूट घालून जाऊच नये.

भाच्याला तिन्ही जोड परवडणार नव्हते. त्याच्या आठवड्यातले दोन खेळ कडक जागी होतात, चिखल वर्षातून महिनाभर. म्हणून पहिला जोड टीएफचा घेतला. चिखलात त्यात तो घसरतो, पडतो, उठतो. जुने एफजी फेकले नाहीत. पाऊस ओसरून मैदानाला ओल धरलेली असेल, किल्ली अलगद आत जात असेल, अशा सप्टेंबरातल्या रविवारी तो ते काढतो. त्या दिवशी पट्टीवर ठिपके नसतात.