डासाची गांध की ढेकणाची रांग?

शिरवळ भागातल्या आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी रोज सकाळी हात खाजवत उठायची. घरच्यांना वाटलं डास आहेत. महिनाभर कॉइल लावली, तरी फरक पडेना. आम्ही हात पाहिला तेव्हा दंडावर तीन-चार गांधी एका ओळीत उठल्या होत्या.

डास उडत येतो, चावतो आणि जातो. त्याच्या गांधी विखुरलेल्या असतात, खाज लगेच सुटते. ढेकूण अंथरुणातून चालत येतो आणि उघड्या कातडीवर, बहुतेकदा कपड्याच्या कडेने, जवळजवळ चावे घेतो. म्हणून ओळ किंवा पुंजका दिसतो. मात्र ओळ दरवेळी पडेलच असं नाही. काहींना तर वळही उठत नाही, त्यामुळे एकाच अंथरुणातला एकजण खाजवतो आणि दुसरा निवांत झोपतो. खात्री कातडीवर नाही, गादीवर करायची.

ताईंकडे आम्ही रात्री बॅटरी घेऊन गादीची शिवण उलटी केली. शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग, वाळकी टरफलं आणि खाटेच्या सांध्यात मसुराएवढे तांबूस ढेकूण सापडले. थोरला मुलगा वसतिगृहातून पेटी घेऊन आला, त्यानंतर हा त्रास सुरू झाला होता. ढेकूण पेटीतून, जुन्या फर्निचरमधून, पाहुण्यांच्या पिशवीतून येतात. घर अस्वच्छ आहे असा त्याचा अर्थ नाही, तेव्हा लाजून लपवू नका.

मग खाट अंगणात काढली आणि प्रत्येक सांध्यात, भोकात उकळतं पाणी ओतलं. चादरी, उशांचे अभ्रे, गोधड्या कडकडीत पाण्यात भिजवून धुतल्या. गादीला ऊन दिलं, पण नुसत्या उन्हावर विसंबू नका. वरून तापलं की ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. म्हणून आधी शिवणी ब्रशने घासल्या आणि ऊन देताना गादी उलटपालट केली. पेटीही आतून तशीच साफ केली. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, खाट भिंतीपासून लांब ओढली.

खरी मेख पुढे आहे. अंडी वाचतात, आणि आठवडा-दहा दिवसांत पिल्लं निघतात. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी हेच सगळं पुन्हा, निदान तीनदा करायचं. ताईंकडे दुसऱ्या वेळी पिल्लं दिसली, चौथ्या वेळी काही सापडलं नाही. खोली बंद ठेवून ढेकूण उपाशी मरतील असं मानू नका, ते कित्येक महिने न खाता राहतात.

आणि एक कळकळीचं सांगणं. पिकाचं औषध घरात फवारू नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या तर खाटेखाली मुळीच ठेवू नका. दमट हवेत त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. रॉकेल ओतलं तर आग लागते.

ढेकणांमुळे रोग पसरत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. डासांमुळे मात्र डेंग्यू, हिवताप होतो. चाव्यांबरोबर ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.