शकुंतलेची अंगठी : देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची नजर

निपाणीच्या हौशी मुलामुलींना गेल्या वर्षी ‘शाकुंतल’मधील काही प्रवेश बसवावयाचे होते. पदे शिकविण्यासाठी म्हणून त्यांनी मला बोलावले. आणि पदे बाजूला राहून माझे चार आठवडे एका अंगठीपायी गेले. आपल्या भागाशी ह्या नाटकाचे नाते जुने आहे. ते मराठी रंगभूमीवर १८८० साली आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. परंतु त्या थोरवीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळेच.

कालिदासाच्या मूळ नाटकात ही अंगठी किती वेळा हातातून हातात जाते, हे वाचकांनी कधी मोजले आहे काय? सारे कथानक तिच्यावर उभे, पण राजाने ती शकुंतलेच्या बोटात घातली तो क्षण रंगमंचावर येतच नाही; सहाव्या अंकात राजा तो नुसता आठवून सांगतो. आपल्यासमोर ती दोनदा पुढे केली जाते, आणि दोन्ही वेळा घेणारा ती ठेवून घेत नाही. पहिल्या अंकात प्रियंवदेपुढे, सातव्यात शकुंतलेपुढे. मधे पाचव्या अंकात शकुंतला स्वतःच्या बोटाला हात लावते, आणि बोट रिकामे! प्रेक्षकाला हे तिन्ही प्रसंग एकाच धाग्यात दिसावेत, तर पहिल्या अंकातले देणे खरे वाटले पाहिजे.

प्रसंग असा. सप्तपर्णाखाली सारी बसली आहेत. शकुंतला लाजून निघू पाहते; प्रियंवदा उठून तिला अडवते, ‘माझ्या दोन झाडांच्या पाण्याचे ऋण तुझ्याकडे आहे’ म्हणून. राजा म्हणतो, ते मी फेडतो, आणि अंगठी देऊ करतो. दोघी सख्या तिच्यावरचे नाव वाचून एकमेकींकडे पाहतात. मग प्रियंवदा सांगते, ही आपल्या बोटातच शोभते. आपल्या शब्दानेच हिचे ऋण फिटले.

कालिदास इतकेच सांगतो, की राजा अंगठी देऊ इच्छितो. ती प्रियंवदेच्या हातात पडते की राजाच्या चिमटीतच राहते, हे त्याने नटांवर सोडले आहे. आमच्या मुलांनी ती प्रथम सरळ तिच्या तळहातावर टाकली. टाकली म्हणजे अक्षरशः टाकली! घरंगळून ती पेटीवाल्याच्या पायाशी गेली. दुसऱ्या दिवशी प्रियंवदेने धसका घेऊन राजाने हात पुढे करण्याआधीच आपला हात पसरला. त्यामुळे राजकन्येसारखी वाढलेली ती आश्रमकन्या भिक्षा मागते आहे असे दिसू लागले.

मी त्यांना म्हटले, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आपल्या आईला वाण देताना पाहा. दोन बाया बोलत असतात, कोणी हाताकडे फार वेळ पाहत नाही, तरी वस्तू पडत नाही. कारण क्षणभर ती दोघींच्याही हातात असते. देणारी, घेणारीच्या बोटांचा जोर लागला असे कळल्यावरच आपली पकड सैल करते. आणि एकदम नव्हे, समोरचीने जेवढा भार घेतला तेवढीच. माणसाला वस्तू देऊ शकणारे यंत्र घडविणाऱ्या संशोधकांनी अलीकडे बोटांचा दाब मोजून हेच दाखविले : वस्तू पडू न देण्याची काळजी देणारा वाहतो.

अंगठीला मात्र भारच नाही, त्यामुळे मुलांच्या बोटांना काही कळेना. म्हणून आठ दिवस मी अंगठीऐवजी पाण्याने भरलेला तांब्या देववला. पाणी सांडले की घाई झाली असे समजावे. तांब्या साधल्यावर किल्ल्यांचा जुडगा, आणि शेवटी अंगठी. आश्चर्य असे, की हलकी वस्तू हाती येऊनही तो क्षणभराचा थांबा बोटांत टिकून राहिला.

मग उजव्या-डाव्याचा घोळ निघाला. अंगठी राजाच्या उजव्या हातात होती. ती काढायची तर डाव्याने, आणि डाव्या हाताने दिलेले आपल्याकडे कोण घेईल? म्हणून ती डाव्या अनामिकेत घातली, म्हणजे उजव्याने काढून उजव्यानेच देता येते. पण राजा प्रेक्षकांच्या डावीकडे उभा होता; तेथून उजवा हात पुढे केला की तो खांदा पुढे येतो आणि सारे अंग पडद्याकडे वळते. त्याला प्रेक्षकांच्या उजवीकडे नेले, तेव्हा देणारा हात पडद्याकडच्या बाजूस गेला आणि चेहरा व छाती मोकळी राहिली. प्रियंवदेचा उजवा हात आता प्रेक्षकांकडे येतो. तो तिने कमरेच्या वर नेऊ नये, एवढेच पथ्य.

शेवटी आम्ही ठरविले ते असे : प्रियंवदा अंगठी धरते, पण राजा ती पूर्ण सोडत नाही. दोघांच्या बोटांत असतानाच ती नाव वाचते, अनसूया तिच्या खांद्यावरून वाकून वाचते, आणि प्रियंवदेची बोटे आपोआप सुटतात. नकार शब्दांच्या आधी हातात येतो.

नजरेचा दोष मोठा विचित्र निघाला. राजाची भूमिका करणारा मुलगा घरी पाठ करताना समोरच्या खुर्चीशी बोलत असे. प्रियंवदा उभी आणि हा बसलेला. पण ह्याची नजर आपली तिच्या कमरेवर! पहिल्या रांगेला हे ताबडतोब कळते. तालमीला माणूस नसेल तर भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खडूची खूण करावी. शिवाय दोघांनी एकमेकांकडे अगदी समोरासमोर पाहिले तर प्रेक्षकाला अर्धेच तोंड दिसते. म्हणून अंग थोडे प्रेक्षकांकडे उघडावे आणि नजर समोरच्याच्या आपल्या बाजूच्या, म्हणजे प्रेक्षकांकडच्या, डोळ्यावर ठेवावी. त्याच्या कानाकडे पाहिलेलेही लांबून खपते असे म्हणतात. मला ते पटत नाही. बोलणाऱ्याचा स्वर बदलतो.

ह्याहून कठीण भुंगा. तो तर नाहीच, आणि तिघींनी त्याला एकाच जागी पाहायचे! आम्ही वेताच्या टोकाला दोऱ्याने कागदाचा गोळा बांधून एका मुलाकडून तो फिरवला, आणि त्याची वाट मात्रांत बांधली : वेलीवर दोन, शकुंतलेच्या कानाशी दोन, मग वर चार. भुंगा पाहण्याचा मान शकुंतलेचा. सख्यांनी अर्धी मात्रा मागाहून मान वळवायची. पुढे वेत काढून घेतला, तरी भुंगा राहिला.

पदांच्या वेळी मात्र माझीच अडचण झाली. गाणारा प्रेक्षकांकडे वळला की समोरचे पात्र खांबासारखे उभे राहते. वडील मैफलीत समेवर तबलजीकडे पाहत, मधे कोठेही पाहोत. तेच मी मुलांना दिले : आलाप प्रेक्षकांकडे, सम समोरच्या पात्राकडे. ऐकणाऱ्याने मात्र नजर हलवायची नाही.

प्रयोगाच्या रात्री पाचव्या अंकात शकुंतलेने डाव्या अनामिकेला हात लावला. राजाने पहिल्या अंकात अंगठी काढली होती ती ह्याच बोटातून. ती काही बोलण्यापूर्वीच मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, गेली की गं!”