कढईचं बूड काळं का होतं आणि घासूनही का निघत नाही?

केळापूर तालुका म्हणजे कापसाचा पट्टा. वेचणी संपली की शेतातली पऱ्हाटी उपटून घरी येते आणि चुलीत जाते. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गावागावांत गॅस पोहोचला खरा, पण पाणी तापवायला, भाकरीला किंवा पाहुणे आले की मोठ्या स्वयंपाकाला चूल आजही पेटते. त्यामुळे एकच कढई कधी गॅसवर, तर कधी चुलीवर चढते. अशा कढईच्या बाहेरच्या बाजूला दोन वेगवेगळे काळे थर बसतात. ते वेगळे ओळखता आले, की घासायचे अर्धे कष्ट वाचतात.

पहिला थर काजळीचा. पऱ्हाटी किंवा लाकूड पुरतं जळलं नाही की धुरातले कार्बनचे बारीक कण भांड्याला चिकटतात. बोट फिरवलं तर बोट काळं होतं. ही काजळी सैल असते. चाळलेली राख आणि नारळाची शेंडी घेतली की निघून जाते.

दुसरा थर तेलाचा. फोडणी देताना तेलाचा ओघळ बाहेर येतो, आच लागते आणि पुसायचं राहून जातं. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो, जो पुढे करपून काळा होतो. यावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ राहतं, पण नखाला थर खडबडीत लागतो. ते आता तेल राहिलेलंच नसतं, म्हणून भांडी घासायच्या साबणाला ते सुटत नाही. गंमत म्हणजे लोखंडी तव्यावर आपण मुद्दाम तेल 'मुरवतो', तेव्हा हेच घडत असतं.

मग सोशल मीडियावरचा तो प्रसिद्ध उपाय, खाण्याचा सोडा आणि वर लिंबू? फेस भरपूर येतो, व्हिडिओ छान दिसतो. पण सोडा अल्कली, लिंबू आम्ल. दोघं एकमेकांनाच संपवतात आणि थर तोडायला फारसं कुणी उरत नाही. करपलेल्या तेलावर काम करते ती अल्कली, तीही गरम आणि सावकाश.

कढई स्टीलची असेल तर ती अख्खी बुडेल असा मोठा गंज घ्या. पाच लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम धुण्याचा सोडा घाला, कढई आत ठेवून मंद आचेवर अर्धा तास उकळू द्या आणि त्याच पाण्यात निवू द्या. पाणी तपकिरी झालं म्हणजे थर सुटतोय. मग हातमोजे घालून लाकडी उलथन्याने खरवडा. जुना थर एका वेळी निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. काही कढयांचं हँडल प्लास्टिकचं असतं, ते आधी काढून ठेवा.

हाच प्रयोग जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कढईवर मात्र करू नका. गरम सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम स्वतःच झिजतं आणि भांडं करडं-काळं पडतं. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. ॲल्युमिनियमशी त्याची जोरदार प्रक्रिया होते, उष्णता आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. जर्मनच्या कढईसाठी साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवणं, मग खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप पंधरा मिनिटं ठेवून तारेच्या घासणीने घासणं, एवढंच बरं. शेवटी चिंचेने चोळलं की करडेपणा जातो. पण चिंच फक्त चमक आणते, करपलेला थर ती काढत नाही.

लोखंडी कढईला सोडा चालतो. काहीजण ती निखाऱ्यांवर रिकामी तापवून थर जाळूनही टाकतात. त्यानंतर धुऊन लगेच कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज चढतो. कल्हईच्या पितळी भांड्यावर जाळण्याचा प्रकार अजिबात नको, कारण कल्हईतलं कथील 232 अंशांनाच वितळतं. नॉनस्टिकचंही तेच, रिकामं तापवायचं नाही.

बुडाचा पातळ काळपटपणा राहिला तरी स्वयंपाकाचं काही बिघडत नाही. तो काढण्यासाठी रोज तारेने घासलं तर जर्मनचं भांडं उगाच पातळ होत जातं. जाड, पोपडे सुटणारा थर तेवढा काढायचा.

चुलीसाठीची जुनी युक्ती आजही सगळ्यात सोपी आहे. भांडं चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ हात फिरवायचा. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपासोबत निघून जाते. गॅसवर हे जमत नाही, कारण वाळलेली माती गळून बर्नरची भोकं बुजतात. तिथे भांडं पुन्हा शेगडीवर चढण्याआधी तेलाचा ओघळ पुसून घ्यायचा.