तेवीस तारीख, दुपारी तीन

कोल्हापुरात आमच्या घरी यंदा बालाजीच्या यात्रेची तयारी २३ मार्चला सुरू झाली. जायचं होतं जूनमध्ये. तिरुमला तिरुपती देवस्थान पासष्टीच्या पुढच्यांसाठी रोज एक हजार मोफत दर्शनाच्या जागा राखून ठेवतं आणि तीन महिन्यांनंतरच्या अख्ख्या महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात, तेवीस तारखेला दुपारी तीन वाजता.

तिरुमलाला दिवसाला साठ-सत्तर हजार माणसं येतात. त्यातल्या हजार जागा म्हणजे शंभरांत दीड. सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना सोडा, असं म्हणणं सोपं आहे. पण रांगा बाहेर कितीही केल्या तरी आत सगळे एकाच सोन्याच्या दारासमोर येतात. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही क्षण असतात. ज्येष्ठांच्या रांगेमुळे देव जास्त जवळून दिसत नाही, वाचतं ते फक्त आधीचं ताटकळणं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, आई सदुसष्टची. पण देवस्थान वय मोजतं ते आधार कार्डावरचं, आणि आमचं पहिलं गाडं तिथेच अडलं. आईच्या कार्डावर जन्मसाल चुकून तीन वर्षं पुढचं पडलं होतं. त्या पिढीत असं पुष्कळांचं झालेलं आहे. दाखला नव्हता, अंदाजे साल सांगितलं, तेच छापलं गेलं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते आणि त्यालाही कागद लागतो. जानेवारीतच हे लक्षात आलं, म्हणून आई पात्र ठरली. तेवीस तारखेच्या सकाळी कळलं असतं, तर बाबांना एकट्याने जावं लागलं असतं.

तीनला दहा मिनिटं असताना मी ttdevasthanams.ap.gov.in वर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून तयार होतो. दोघांची नावं कार्डावर आहेत तशीच, स्पेलिंगसकट, समोर लिहून ठेवली होती. तीन वाजता गर्दी उसळते. आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, मग तारखा दिसतात. आम्हाला शनिवार-रविवार मिळाला नाही. दहा जून घेतली.

आता खरी मेख. या रांगेत मुलगा-सून येऊ शकत नाहीत. सोबत जायचं तर मला तीनशे रुपयांचं तिकीट हवं आणि तेही दहा जूनचंच. ती तिकिटं दुसऱ्या दिवशी, चोवीसला सकाळी दहाला खुली होतात. म्हणून क्रम उलटा करू नये: आधी म्हाताऱ्यांची तारीख, मग आपली. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे आठ जूनच्या हरिप्रिया एक्सप्रेससाठी नऊ एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. दर्शन हातात आणि गाडी नाही, असे ते सोळा-सतरा दिवस जातात. गाडी नऊला सकाळी तिरुपतीला पोचते, म्हणजे एक दिवस विसाव्याला मिळतो.

दरम्यान शेजारच्या काकूंनी व्हॉट्सअॅपवरचा एक निरोप दाखवला: वृद्धांना सकाळी दहा आणि दुपारी तीन असं दोनदा सोडतात, नुसतं ओळखपत्र दाखवा. तो कित्येक वर्षं फिरतोय आणि देवस्थानाने तो खोटा असल्याचं वारंवार सांगितलं आहे. त्यावर विसंबून कुणी सत्तरीत डोंगर चढून गेलं, तर सर्वसाधारण रांगेतच उभं राहावं लागेल. ब्रह्मोत्सव आणि वैकुंठ एकादशीच्या दिवसांत तर ज्येष्ठांची ही सोयही बंद असते. आणि या मोफत जागेसाठी कुणी पैसे मागितले, तर तो फसवतोय हे धरून चालावं.

दहा जूनला दुपारी दोघं दक्षिण माडा रस्त्यालगतच्या, तिरुमला नंबी मंदिराजवळच्या वाटेने आत गेले. मी दुसरीकडे रांगेत होतो. बाबांच्या औषधांची पिशवी चुकून माझ्याकडे राहिली होती आणि आत फोन नेता येत नाही. भेटायची जागा आधी ठरवली होती, म्हणून निभावलं.

काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. मुलं परगावी, हातात साधा फोन. म्हाताऱ्यांसाठी राखलेली जागा ज्याच्या घरात चपळ बोटं आहेत त्याला मिळते, हे मला मनापासून खटकतं. जागेवरच टोकन वाटा, असं म्हणायला धजत नाही. ८ जानेवारी २०२५ ला तिरुपतीत वैकुंठ द्वार दर्शनाच्या टोकनसाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा जणांचा जीव गेला. पण देवस्थानाकडेच एक तिसरी रीत आहे. काही सेवांच्या तिकिटांसाठी आधी दोन-तीन दिवस नावं घेतात आणि मग सोडत काढतात. तीच रीत ज्येष्ठांच्या हजार जागांना लावली, तर तीनच्या ठोक्याला धावायला नको. काकू दोन दिवसांत कधीही कुणाच्या तरी फोनवरून आपलं नाव देऊ शकतील.