काळे कासारांच्या आधी की नंतर?

भोपाळमध्ये कोलार रोडच्या दोन्ही बाजूंना सर्वधर्म, मंदाकिनी, बीमाकुंज अशा वसाहती पसरल्या आहेत. तिथल्या मराठी घरांच्या वर्गणीदारांची एखादी यादी डोळ्यांसमोर आणा. ती काही वर्षांपूर्वी हिंदी टंकलेखकाकडून तयार करून घेतली होती आणि आज तिची फक्त पीडीएफ प्रत शिल्लक आहे. त्यातली नावे स्प्रेडशीटमध्ये उतरवली आणि अकारविल्हे लावण्यासाठी बटण दाबले, की गोंधळ दिसू लागतो. शिंदे आणि निकम थेट ‘ह’च्याही खाली जाऊन बसतात, काळे कावळ्यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर खऱ्यांच्या वर. संगणकाला मराठी कळत नाही, असा निकाल लगेच लागतो. तो निकाल घाईचा आहे. या तीन चुकांपैकी पहिली चूक मुळात क्रमाची नाहीच. ती मजकूर उतरवताना झालेली मोडतोड आहे. उरलेल्या दोन चुकाही नव्हेत. तिथे संगणकाने दुसऱ्याच एका नियमाने नावे लावली आहेत. दोन्हींवर एकच उपाय करायला गेले, तर यादी सुधारण्याऐवजी आणखी बिघडते.

आधी संगणकाची बाजू पाहू. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. देवनागरीची ही मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली आहे आणि ती करणाऱ्यांनी वर्णमाला समोर ठेवली होती. अनुस्वार सर्वांत आधी, मग स्वर, मग ‘क’पासून ‘ह’पर्यंत व्यंजने, त्यानंतर काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि या सगळ्यांनंतर हलन्ताचे चिन्ह, म्हणजे पाय मोडण्याची खूण. जोडाक्षराला वेगळा क्रमांक नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हांची रांग. नुसत्या क्रमांकांनी नावे लावली तरी काय होते पाहा: कदम, कारखानीस, किर्लोस्कर, कुलकर्णी, केळकर, कोल्हटकर आणि शेवटी क्षीरसागर. ‘कदम’मध्ये ‘क’नंतर व्यंजन आहे आणि व्यंजनाचा क्रमांक मात्रेपेक्षा लहान, म्हणून बिनमात्रेचा ‘क’ आधी आला. हलन्ताचा क्रमांक मात्रांहून मोठा, म्हणून जोडाक्षर शेवटी गेले. बाराखडी शिकलेल्या माणसाला हीच रांग अपेक्षित असते. कांबळे काकड्यांच्या आधी दिसतात ते अनुस्वाराचा क्रमांक सर्वांत लहान असल्यामुळे. शाळेत ‘अं’ शेवटी म्हणतात, म्हणून हे थोडे खटकते, पण यादीभर एकसारखे घडत असेल तर ते सहज अंगवळणी पडते.

मग शिंदे तळाला का गेले? ‘शि’मध्ये वेलांटी उच्चारात ‘श’नंतर येते, पण कागदावर ‘श’च्या आधी उमटते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते: आधी श, मग वेलांटी. पीडीएफला उच्चाराशी देणेघेणे नसते; कोणता आकार पानावर कुठे काढायचा एवढेच तिच्यात मुख्यतः नोंदलेले असते. उतरवणारे साधन डावीकडून उजवीकडे आकार गोळा करत गेले, तर हाती ‘िशंदे’ येते. मात्रांचे क्रमांक सगळ्या व्यंजनांहून मोठे असल्यामुळे अशी नावे यादीच्या शेपटाला जमतात, आणि तिथेही चिटणीस, निकम, मिरजकर, शिंदे अशी आपापसात नीट लागतात. त्यामुळे मोडलेली यादी दुरून शिस्तीत दिसते. जुन्या मजकुराची गोष्टही इथेच येऊन मिळते. मध्य प्रदेशातल्या टंकलेखनात कृतिदेव हा फॉन्ट वर्षानुवर्षे रुळलेला आहे. त्यात कदम म्हणजे `dne` आणि पवार म्हणजे `iokj`; संगणकासाठी ही रोमन अक्षरेच, आणि तो ती ए-बी-सी-डीने लावतो. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना अक्षरामागे अक्षर बदलत गेले, की आधी टंकलेली वेलांटी आधीच राहते आणि पुन्हा ‘िशंदे’च हाती लागते. शंका आली तर शेजारच्या रकान्यात एवढेच लिहावे:

```
=UNICODE(A2)
```

हे सूत्र नावातल्या पहिल्या चिन्हाचा क्रमांक सांगते. ‘क’ ते ‘ह’ म्हणजे २३२५ ते २३६१. उत्तर २३६७ आले, तर नाव वेलांटीने सुरू होते आहे, आणि मराठीत असे नाव असू शकत नाही.

नावाच्या पोटातली मोडतोड मात्र इतकी सहज सापडत नाही. ‘मोहिते’चे ‘मोिहते’ झाले, तर दोन मात्रा लागोपाठ येतात. ‘अनिल’चे ‘अिनल’ झाले, तर स्वराला मात्रा चिकटते. हे दोन्ही अशक्य जोड शोधून काढता येतात. पण ‘सचिन’चे ‘सिचन’ झाले तर? लिपीच्या नियमात ते चोख बसते. हे नाव नाही, हे फक्त वाचणाऱ्याला कळते. रफाराचेही तसेच. रफार उच्चारात आधी, पण कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून ‘कुलकर्णी’चे ‘कुलकणीर्’ होते. शेवटी लटकलेल्या ‘र्’मुळे हे ओळखू येते. ‘वर्तक’चे ‘वतर्क’ झाले, तर तीही खूण राहत नाही. वझे, वनारसे, वर्तक अशी रांग हवी असताना वझे, वतर्क, वनारसे अशी लागते आणि नजर तिच्यावरून निसटते. म्हणून नियमाने सापडणारे दोष आधी काढावेत, मग यादी अकारविल्हे लावून एकदा माणसाने वाचावी. पाच कुलकर्णी एकाखाली एक आणि सहावे थोडे वर, असे दिसले की तिथेच थांबावे. क्रम लावणे हे इथे शेवटचे काम नसते. दोष उघडे पाडण्याचे ते साधनही असते.

दिसायला नाव बरोबर, पण आतली चिन्हे वेगळी, असाही एक प्रकार आहे. ‘गोऱ्हे’ लिहिताना कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कोणी ‘र’, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. पहिल्या लेखनाची लांबी सहा चिन्हे भरते, दुसऱ्याची सात. `LEN` हे सूत्र ती सांगते. अदृश्य चिन्ह नुसते पुसून टाकले, तर ‘गोर्हे’ असा रफार उमटतो, म्हणून पुसण्याऐवजी बदलावे:

```
=SUBSTITUTE(A2,"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

वकिलांची नावे आणखी लांब विखुरतात. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये, म्हणजे उशिरा आला, म्हणून त्याला देवनागरी अंकांच्याही पुढचा क्रमांक मिळाला. कोणी त्याऐवजी ‘अ’वर चंद्र देतो, कोणी ‘ऍ’ लिहितो. नुसत्या क्रमांकांनी लावले, तर एकाच पदवीचे लोक यादीत तीन ठिकाणी जातात. पदव्या वेगळ्या रकान्यात काढल्या, की हा प्रश्नच राहत नाही.

एवढी दुरुस्ती झाल्यावरच खऱ्या क्रमाचा प्रश्न समोर येतो, आणि तो तीन अक्षरांपुरता आहे: ळ, क्ष, ज्ञ. इस्कीचा आराखडा सगळ्या भारतीय लिप्यांसाठी समान असल्यामुळे त्यात ‘ळ’ला ‘ल’शेजारी जागा मिळाली. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि मग क्ष, ज्ञ; महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवलेली वर्णमालाही हाच क्रम देते. म्हणून क्रमांकांनी लावलेली रांग कामत, काळे, कावळे, काशीकर, कासार अशी येते आणि मराठी रांग कामत, कावळे, काशीकर, कासार, काळे अशी. क्षीरसागर ‘क’च्या शेवटून उठून हर्डीकरांच्या खाली जातात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये `Data > Sort` उघडून `Options` मध्ये मराठी भाषा निवडली की हा क्रम मिळतो. एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे चालते आणि भोपाळमधल्या यंत्रावर ते सेटिंग मराठी असण्याची शक्यता कमीच. जिथे भाषा निवडता येत नाही, तिथे एक मदतीचा रकाना करावा:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,
"क्ष","ह्हख"),"ज्ञ","ह्हग"),"ळ","ह्हक")
```

‘ह्ह’ हा जोड मराठी नावांत जवळपास येत नाही आणि ‘ह’च्या इतर नावांनंतर लागतो. म्हणून ही तीन अक्षरे तात्पुरती त्याच्या आश्रयाला पाठवायची, या रकान्यावर क्रम लावायचा आणि रकाना लपवून टाकायचा. तत्पूर्वी कासार, काळे, हर्डीकर, क्षीरसागर ही चार नावे उलटसुलट टाकून एकदा कसोटी घ्यावी. प्रत्येक यंत्र नुसत्या क्रमांकांवर चालतेच असे नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की शोधण्याची सोय असताना क्रम हवाच कशाला? पण शोध फक्त बरोबर लिहिलेले नाव सापडवतो. ‘शिंदे’ शोधल्यावर ‘िशंदे’ मिळत नाहीत, आणि मिळाले नाहीत हेही कळत नाही; क्रम लावला की ते तळाशी उघडे पडतात. दुसरा उपाय सुचवला जातो तो रोमन लिपीत नावे लिहून लावण्याचा. त्यात ठ आणि थ एकाच स्पेलिंगचे होतात, ळ आणि ल यांतला फरक जातो आणि मग तो परत आणता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिंदी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या शेवटी असतो, संस्कृत कोशांतही तसाच, मग हिंदी प्रदेशातल्या यादीने मराठी क्रमाचा आग्रह का धरावा? तसा आग्रह धरण्याचे कारण नाही. यादी वाचणारे हिंदी वाचक असतील, तर क्षीरसागर ‘क’मध्येच शोभतील. फक्त यादी लावणाऱ्याने आणि शोधणाऱ्याने एकच क्रम मानावा आणि कोणता मानला ते यादीच्या माथ्यावर लिहावे.

कोलार रोडच्या यादीत मात्र एक प्रश्न कोणत्याही क्रमाने सुटत नाही. प्रमाण हिंदीच्या रोजच्या लेखनात ‘ळ’ नाही, त्यामुळे हिंदी टंकलेखकाच्या हातून ‘काळे’ सहज ‘काले’ होऊन उतरतात. ते ‘ल’च्या जागी अचूक लागतात, कोणतेही सूत्र त्यांच्यावर बोट ठेवत नाही आणि सगळे ‘ल’ बदलून ‘ळ’ करू म्हटले, तर ‘कुलकर्णी’चे ‘कुळकर्णी’ होतात, जे काही घरांचे खरे आडनावही आहे. त्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि वर्गणी मागायला जाल तेव्हा दारावरची पाटी वाचून ते पुसावे.